पिवळा आंबा आणि पिकलेला आंबा

हापूस झाडावर पिकवून कोणी विकत नाही. तो चौदा आणे तयार झाला की देठासकट उतरवतात आणि भाताच्या पेंढ्यात अढी लावून पिकवतात. म्हणून विक्रेत्याला ‘नैसर्गिक आहे का?’ असं विचारून फारसं काही कळत नाही. आंबा झाडावर पुरता भरला होता का आणि पुढे तो कशाने पिकवला, हे विचारावं.

दोन रसायनांत आपण गल्लत करतो. रायपनिंग चेंबरमध्ये वापरतात तो इथिलीन वायू पिकताना आंबा स्वतःही सोडतो, आणि ठरावीक मर्यादेत त्याला कायद्याची परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. ओल लागली की त्यातून अ‍ॅसिटिलीन निघतो, शिवाय त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. कार्बाइडने साल झपाट्याने पिवळी होते; गर मात्र मागे राहतो. त्यामुळे कोवळा आंबाही पिकल्यासारखा दिसतो. मार्चमध्ये भाव चढा असताना हा मोह सर्वांत जास्त.

अशी पेटी उघडली की सगळे आंबे एकाच पिवळ्या रंगाचे दिसतात. देठाशी नाक नेलं तरी वास नाही, दाबले तर टणक, आणि कापल्यावर कोयीजवळ आंबट. अढीतल्या पेटीत काही आंबे हिरवट, काही केशरी असतात आणि झाकण काढताच घमघमाट सुटतो. पण या खुणांवरून संशय घेता येतो, खात्री प्रयोगशाळेतच होते. पाण्यात आंबा बुडाला तर तो भरलेला आहे एवढंच समजतं. रसायनाचा पत्ता त्यातून लागत नाही. कोयीभोवतीचा पांढरट, स्पंजासारखा साका हा तर हापूसचा जुना दोष. त्याचं खापर कार्बाइडवर फोडू नये.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कच्ची पेटी घेणं. खोक्यात पेंढा किंवा कागद घालून आंबे एका थरात ठेवा, खोकं हवेशीर जागी असू द्या. तीन-चार दिवसांनी रोज चाळा आणि तयार झालेले आधी काढा. एप्रिलच्या उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत पेटी संपते. कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवू नका, ते धड पिकत नाहीत.

विक्रेता हंगामाप्रमाणे निवडावा. हापूस आणि पायरीसाठी एप्रिल-मे, केसरसाठी मे-जून. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ म्हणणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. कर्नाटकचा हापूस त्याच नावाने सर्रास खपतो. त्याची साल जाड असते. पुण्यात पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात बागायतदार स्वतः बसतात, तिथे बागेचं गाव आणि तोडणीची तारीख विचारता येते. नव्या माणसाकडून आधी एकच डझन घ्या, आणि कच्चा आंबा द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून पिकलेलाही घेऊ नका.