फोटोवरून मॉडेलची पारख

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांत विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते. तालुक्याला कोणते मॉडेल पाठवायचे हे ठरवण्यासाठी आता बरेचदा मुलांकडून फोटो मागवले जातात आणि दोन-तीन शिक्षक ते मोबाइलवर पाहून निवड करतात. सोय मोठी आहे, पण तिच्यात एक धोका आहे. समोर ठेवलेले मॉडेल हलवून पाहता येते, मुलाला प्रश्न विचारता येतो. फोटोत फक्त रूप दिसते. मग ज्याचे रूप देखणे त्याला कल्पकतेचे गुणही जास्त आणि कार्य समजण्याचे गुणही जास्त, असे आपल्याही नकळत घडते.

ही मनाची जुनी खोड आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये ती नोंदवली. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव यांना वेगवेगळे गुण देत होते. हे गुण एकमेकांशी असायला हवेत त्यापेक्षा फार जास्त जुळत होते. एका बाबतीत माणूस आवडला की बाकीच्या रकान्यांतही त्याचे गुण चढत. मॉडेलच्या फोटोंत हे काम रंग आणि झगमगाट करतात. त्यामुळे कल्पकता, कार्याची स्पष्टता आणि सफाई या तीन निकषांना तीन वेगळे प्रश्न हवेत आणि प्रत्येक गुणामागे फोटोतला पुरावा हवा.

हे प्रत्यक्षात कसे करायचे ते एका उदाहरणातून पाहू. समजा, आठवीच्या वर्गातून तीन फोटो आले आहेत.

पहिल्या फोटोत सिरिंजवर चालणारा जेसीबी आहे. पुठ्ठ्यावर पिवळा चकचकीत कागद, पुढे एलईडी दिवे, खाली हिरवळीसारखा गालिचा. चारही सिरिंज 10 मिलिलिटरच्या, सलाइनच्या नळीने जोडलेल्या, आत साधे पाणी. मागच्या फलकावर लिहिले आहे : ‘पास्कलचा नियम – कमी बलात जास्त वजन उचला.’

दुसऱ्या फोटोत जुन्या फळीवर बसवलेल्या दोन सिरिंज आहेत, एक 5 मिलिलिटरची आणि एक 20 मिलिलिटरची. आत निळे पाणी. प्रत्येक सिरिंजशेजारी मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आहे. मोठ्या सिरिंजच्या दट्ट्यावर वह्यांचा गठ्ठा. जोडावर काळी टेप गुंडाळली आहे आणि त्याच्या खाली फळीवर ओला डाग आहे.

तिसऱ्या फोटोत उलट्या बाटलीतला पाणी गाळण्याचा संच आहे. वाळू, कोळसा, खडी यांचे थर नीट दिसतात, प्रत्येकाला नाव आहे. बाजूला दोन ग्लास, एकात गढूळ पाणी, दुसऱ्यात नितळ. खाली पाटी : ‘पिण्याचे शुद्ध पाणी.’

पहिल्या नजरेत जेसीबी जिंकतो. म्हणून आधी कार्याची स्पष्टता पाहावी, तीही तिन्ही फोटोंमध्ये एकापाठोपाठ. एका मॉडेलचे तिन्ही गुण देऊन मग पुढच्याकडे जाण्याऐवजी एकच निकष सगळ्या फोटोंना लावला, तर एका रकान्याची झळाळी दुसऱ्यात कमी उतरते. पुढच्या निकषाला फोटोंचा क्रम बदलावा, म्हणजे पहिला फोटो बाकीच्यांचे माप ठरत नाही.

कार्याच्या स्पष्टतेचा प्रश्न असा : हा फोटो पाहून अनोळखी माणसाला बल कुठून कुठे जाते आणि काय बदलते हे कळेल का? जेसीबीत चारही सिरिंज सारख्या मापाच्या आहेत. पास्कलच्या नियमानुसार बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. बल वाढते ते दुसऱ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ मोठे असेल तरच. दोन्ही दट्टे सारखे असतील, तर जेवढे बल दिले जवळपास तेवढेच पलीकडे मिळते, त्यातही थोडे घर्षणात जाते. शिवाय जेसीबीचा हात सिरिंजने बिजागरीच्या जवळ ढकलला जातो. त्यामुळे हाताचे टोक जास्त हलते, पण टोकाशी मिळणारे बल आणखी कमी होते. म्हणजे यंत्र चालते, फलकावरचा दावा मात्र या मॉडेलला लागू होत नाही. हे फोटोतच दिसते, कारण सिरिंजवर मापे छापलेली असतात. पाणी बिनरंगी असल्याने आत हवेचे बुडबुडे आहेत का, हेही कळत नाही. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. बुडबुडा राहिला की दट्ट्या दाबूनही हात उशिरा आणि अर्धवट हलतो.

दुसरे मॉडेल ओबडधोबड आहे, पण त्याची सगळी गोष्ट उघडी आहे. 5 मिलिलिटरच्या सिरिंजचा आतला व्यास सुमारे 12 मिलिमीटर आणि 20 मिलिलिटरच्या सिरिंजचा सुमारे 20 मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ जवळपास पावणेतीन पट होते. लहान दट्ट्या 28 मिलिमीटर आत गेला, की मोठा साधारण 10 मिलिमीटर वर येणार. बल वाढले, तेवढे अंतर घटले. कागदी पट्टीमुळे हा व्यवहार मोजता येतो आणि निळ्या पाण्यात बुडबुडा असता तर लगेच दिसला असता. इथे दहापैकी नऊ गुण द्यायला हरकत नाही, जेसीबीला मात्र चार. गाळण संचात थर आणि आधी-नंतरचे पाणी दोन्ही दिसते. पण वाळू आणि कोळशाने पाणी नितळ झाले म्हणजे ते जंतुमुक्त झाले, असे होत नाही. पाटी चुकीचे सांगते, म्हणून सहा.

दुसरा निकष कल्पकता. फोटोवरून ती ठरवणे सर्वांत अवघड असते. सिरिंजचा जेसीबी इंटरनेटवर पुष्कळ ठिकाणी सापडतो, बाटलीतले गाळण तर पाठ्यपुस्तकातही भेटते. ओळखीचा विषय घेतला म्हणून गुण कापणे मात्र अन्यायाचे आहे. प्रश्न असा विचारावा : या मुलांनी स्वतः काय बदलले किंवा जोडले? दुसऱ्या मॉडेलमध्ये मोजपट्टी ही अशी भर आहे. तिच्यामुळे खेळण्याचे उपकरण झाले, म्हणून सात. जेसीबी आणि गाळण संच यांत फोटोपुरती तरी वेगळी भर दिसत नाही. त्यांना अनुक्रमे चार आणि पाच. गाळण संचाला एक गुण जास्त तो दोन ग्लास शेजारी ठेवून फरक दाखवल्याबद्दल. ‘फोटोपुरती’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जे दिसले नाही ते नाहीच, असे धरू नये. म्हणून फोटोसोबत मुलांकडून दोन ओळी मागवाव्यात : ही कल्पना कुठे पाहिली आणि आम्ही त्यात काय बदलले. ‘इंटरनेटवर पाहिले’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण त्यामुळे कमी होता कामा नयेत.

तिसरा निकष सफाई. सफाई म्हणजे चकचकीत कागद आणि दिवे, हा समज सोडावा लागतो. पैसे खर्च करून ते कुणालाही मिळतात. सफाई जोडांत दिसते. फोटो मोठा करून पाहावे : काप सरळ आहेत का, नळी कुठे मुडपली आहे का, वायर बांधल्या आहेत की लोंबतात, नावे हाताभरावरून वाचता येतात का. जेसीबीचे काप सरळ आहेत, नळ्या खिळ्यांनी नीट बसवल्या आहेत. त्याचे नऊ गुण खरे कमावलेले आहेत. गाळण संचाला सात. दुसऱ्या मॉडेलच्या जोडाखालचा ओला डाग सांगतो की पाणी गळते. गळती म्हणजे पाणी कमी होणार, आत हवा शिरणार आणि प्रदर्शनाच्या तिसऱ्या तासाला वह्या वर जाणार नाहीत. म्हणून चार.

बेरीज अशी होते : जेसीबी 17, दोन सिरिंजचे मॉडेल 20, गाळण संच 18. तिन्ही निकषांना सारखे वजन दिले तर हा निकाल. वजन मात्र आधी ठरवून मुलांना सांगायला हवे. राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनासाठीच्या एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांत कल्पकतेला 20 टक्के, तांत्रिक कौशल्य आणि कारागिरीला 15 टक्के, तर मांडणीला 10 टक्के असे वजन राहिले आहे. कमी खर्च आणि टिकाऊपणा यांनाही तिथे स्वतंत्र जागा आहे. फोटो पाहून झाल्यावर वजन बदलणे म्हणजे आवडत्या मॉडेलसाठी नियम वाकवणे.

आता अभिप्राय. ‘छान प्रयत्न, अजून मेहनत घ्या’ हे वाक्य तिन्ही गटांना सारखेच लागू पडते, म्हणून ते कुणाच्याच कामाचे नाही. चांगल्या अभिप्रायात तीन गोष्टी हव्यात : फोटोत काय दिसले, त्याने काय होते आणि पुढे काय करता येईल. जेसीबीच्या गटाला असे लिहिता येईल : ‘तुमचे काप आणि नळ्यांची बांधणी तिन्ही मॉडेलमध्ये सर्वांत नेटकी आहे. पण सगळ्या सिरिंज 10 मिलिलिटरच्या असल्याने बल वाढत नाही. तुम्ही दाबता ती सिरिंज 5 मिलिलिटरची घ्या, किंवा फलकावर “दाब नळीतून दूर पोहोचतो” असे लिहा. पाण्यात रंग टाका, म्हणजे हवा राहिली तर दिसेल.’ लहान सिरिंज घेतली तर तेवढीच हालचाल करायला दट्ट्या जास्त अंतर ढकलावा लागेल आणि हात पूर्ण उचलला जाणार नाही, हेही त्यांना सांगावे. त्यांनी तो फरक स्वतः पाहिला, तर फलकावर काय लिहायचे ते त्यांचे तेच ठरवतील.

दुसऱ्या गटाला गळती दाखवावी : टेप काढा, सिरिंजचे टोक आणि नळी कोरडी करा, नळी आत घट्ट सरकवून बाहेरून तारेने आवळा, एक रात्र वजन ठेवून सकाळी पट्टीवरची खूण तपासा. तिसऱ्या गटाला पाटी बदलायला सांगावे : ‘नितळ पाणी, पिण्यापूर्वी उकळा.’ एका ओळीने त्यांचे मॉडेल खरे होते.

एवढे करूनही फोटोची एक मर्यादा उरते. 17 आणि 18 यांतला फरक म्हणजे दोन परीक्षकांच्या नजरेतला फरक असू शकतो. म्हणून दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता आपापले गुण लिहावेत आणि एखाद्या निकषात तीनपेक्षा जास्त तफावत असेल, तिथे दोघांनी फोटोतला पुरावा समोर ठेवून बोलावे. ज्यांचे गुण जवळजवळ आहेत, त्या गटांकडून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागवावा : मॉडेल एकदा चालवा, थांबवा, पुन्हा चालवा. दुसऱ्यांदा चालले की नाही, हे कोणत्याही फोटोत दिसत नाही, आणि तालुक्याच्या प्रदर्शनात मॉडेलला दिवसभर नेमके तेच करायचे असते.