रिपोर्टमधला आकडा आणि रक्तातलं मोकळं औषध

फिट्सवर दिलं जाणारं फेनिटॉइन रक्तात शिरलं की त्यातलं सुमारे ९० टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतं. चिकटलेलं औषध मेंदूपर्यंत पोहोचत नाही. काम करतं ते उरलेलं मोकळं १० टक्के. नेहमीची तपासणी मात्र दोन्हींची बेरीज सांगते आणि ती १० ते २० मायक्रोग्रॅम असली की ठीक मानतात.

आता यकृताच्या आजाराने अल्ब्युमिन ४ ग्रॅमवरून २ वर आलेला रुग्ण घ्या. रिपोर्टमध्ये फेनिटॉइन फक्त ८ दिसतं. पण चिकटायला जागाच कमी असल्याने मोकळा वाटा साधारण २० टक्के होतो, म्हणजे १.६. हवं असतं १ ते २. डोस पुरेसा आहे! आकडा पाहून तो वाढवला, तर डोळे थरथरतात, तोल जातो, ग्लानी येते.

व्हॅल्प्रोएट जोडलं तरी असाच घोळ होतो. ते फेनिटॉइनला अल्ब्युमिनवरून हुसकावतं. सुटलेलं औषध यकृत लवकर निकामी करतं, त्यामुळे बेरीज घटते आणि मोकळा भाग बहुधा पूर्वपदावर येतो. म्हणून नुसत्या हुसकावण्याने सहसा मोठा धोका होत नाही. पण व्हॅल्प्रोएट यकृताचं ते कामही मंदावतं आणि मग मोकळं फेनिटॉइन साचत जातं.

घरात कुणी ही दोन्ही औषधं घेत असेल आणि चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर मोकळ्या फेनिटॉइनची तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.