‘अ‍ॅक्टिव्ह’ ग्राहक 500, मग बॉक्स किती भरायचे?

दर महिन्याला घरपोच खाऊचा बॉक्स पाठवणाऱ्या एका पुण्यातल्या व्यवसायाचं उदाहरण घेऊ. बॉक्समध्ये भाकरवडी, चिवडा, लाडू, एखादी चटणी असते. फरसाणवाल्याला ऑर्डर 1 तारखेला द्यावी लागते. ग्राहकाला महिना स्किप करायची मुदत 8 तारखेपर्यंत, पैसे 10 तारखेला कापले जातात आणि बॉक्स 15 तारखेला निघतात. म्हणजे ऑर्डर द्यायच्या दिवशी किती बॉक्स जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं. या दोन आठवड्यांच्या अंतरातच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

गैरसमज : ‘अ‍ॅक्टिव्ह’चा आकडा म्हणजेच बॉक्सचा आकडा

अ‍ॅक्टिव्ह याचा अर्थ एवढाच की त्या ग्राहकाची वर्गणी चालू आहे. या महिन्यात त्याला बॉक्स जाणार की नाही, हे त्या शब्दातून कळत नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये महिना स्किप केलेला ग्राहकही अ‍ॅक्टिव्हमध्येच मोजला जातो, कारण फक्त त्याची पुढची तारीख एक महिन्याने सरकलेली असते. सहा महिन्यांचे पैसे आधीच भरलेला ग्राहकही त्यातच असतो आणि ज्याच्या खात्यातून या वेळी पैसे कापलेच जाणार नाहीत तोही त्यातच.

हा शेवटचा गट सहज विसरला जातो. ऑटोपेमधून पैसे कापण्याआधी किमान 24 तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. यूपीआय ऑटोपे 2020 मध्ये सुरू झालं आणि त्यात मँडेट थांबवण्याची किंवा रद्द करण्याची सोय ग्राहकाच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येच आहे. सूचना आली की काही जण तुमच्या वेबसाइटवर येऊन स्किप करण्याऐवजी तिथूनच मँडेट थांबवतात. तुमच्या यादीत ते अ‍ॅक्टिव्ह दिसत राहतात, पण 10 तारखेला पैसे येत नाहीत. काहींच्या खात्यात शिल्लकच नसते. त्यातले थोडे पुन्हा प्रयत्न केल्यावर वसूल होतात, बाकीचे त्या महिन्यापुरते गळतात.

गैरसमज : पॉज आणि स्किप एकच

स्किप केलेला ग्राहक पुढच्या महिन्यात आपोआप परत येतो. त्याला काही करावं लागत नाही. पॉज केलेला एकतर ठरलेल्या तारखेला परत येतो किंवा स्वतः बटण दाबेपर्यंत येतच नाही. ऑर्डर लावताना या तिघांना वेगळं धरावं लागतं. तारखेविना पॉज केलेल्यांना माझ्या मते सरळ शून्य धरावं. कुणी परतलाच तर तो नव्या ग्राहकांच्या अंदाजात सामावतो. तारीख दिलेल्यांपैकीही सगळे येत नाहीत. ‘तुमचा बॉक्स पुन्हा सुरू होतोय’ हा निरोप गेला की काही जण मुदत वाढवतात, काही कायमचे बंद करतात.

स्किपच्या बाबतीत उलटी चूक होते. गेल्या महिन्यात स्किप केलेले 45 जण या महिन्यात परत येणार, म्हणून ते अ‍ॅक्टिव्हच्या आकड्यात मिळवले जातात. पण ते त्या आकड्यात आधीपासूनच आहेत! असे 45 बॉक्स दुप्पट मोजले जातात आणि कारण सापडत नाही. उलट, एकदा स्किप केलेला ग्राहक पुन्हा स्किप करण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून या गटाचं प्रमाण निराळं काढावं.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, 1 तारखेला अ‍ॅक्टिव्ह 500 आणि पॉजवर 80 आहेत. 500 पैकी 20 जणांनी आधीच स्किप केलंय, उरले 480. मागच्या महिन्यांच्या नोंदी सांगतात, की 8 तारखेपर्यंत आणखी 25 जण स्किप करतात आणि 12 जण वर्गणी बंद करतात. राहिले 443. त्यातल्या 93 जणांचे पैसे आगाऊ आलेले आहेत, म्हणून तिथे गळती नाही. उरलेल्या 350 पैकी साधारण 21 जणांचे पैसे शेवटपर्यंत येत नाहीत. झाले 422. पॉजवरच्या 80 पैकी 22 जणांची परतीची तारीख या महिन्यात आहे, पण अनुभव 14 जण खरंच येण्याचा, म्हणजे 436. नवे ग्राहक 30 धरले की 466. वाटेत फुटलेल्या किंवा हरवलेल्या बॉक्सऐवजी पाठवायला 9 जादा ठेवले, की 475.

हाच हिशेब घाईत केला तर 500 अधिक 30 नवे अधिक 22 परतणारे, म्हणजे 552 होतात. फरक 77 बॉक्सचा. एका बॉक्समधला माल 280 रुपयांचा असेल, तर एका महिन्यात 21,560 रुपये अडकले.

गैरसमज : स्किपची सरासरी वर्षभर चालते

खाऊच्या बॉक्सला तर अजिबात चालत नाही. दिवाळीत घरोघरी फराळ असतो, मे महिन्यात मुलं गावी जातात; त्या महिन्यांत स्किप वाढतात. दिवाळीच्या महिन्याची तुलना जुलैशी न करता गेल्या दिवाळीशी करावी. आणि दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात येत असल्याने इंग्रजी महिन्याचं नाव पाहून चालत नाही. व्यवसाय पहिल्याच वर्षात असेल, तर जुनी नोंदच नसते. अशा वेळी सणाच्या 15-20 दिवस आधी ग्राहकांना ‘या महिन्यात बॉक्स हवा का?’ असं विचारणं हाच उत्तम मार्ग.

गैरसमज : उरलेला माल पुढच्या महिन्यात खपतो

खोकी खपतात, लाडू नाही. पुठ्ठ्याची छापील खोकी एकदम मोठ्या संख्येत स्वस्त पडतात आणि खराब होत नाहीत, म्हणून ती तीन महिन्यांची घेतली तरी हरकत नाही. खाण्याच्या वस्तूला मुदत असते, आणि त्यातले आठवडे गोदामात गेले तर ग्राहकाच्या हाती थोडेच उरतात. शिवाय गेल्या महिन्यातलीच चटणी पुन्हा आली, तर नियमित घेणाऱ्याला ते लगेच कळतं. म्हणून जादा साठ्याचं प्रमाण वस्तूनुसार ठरवावं.

नाशवंत मालासाठी फरसाणवाल्याशी बोलून ऑर्डर दोन हप्त्यांत द्यावी. आपल्या उदाहरणात 1 तारखेला 430 बॉक्सचा माल पक्का सांगायचा आणि 10 तारखेला पैसे जमा झाल्यावर उरलेला. दुसऱ्या हप्त्याला दर थोडा जास्त पडला तरी फेकलेल्या मालापेक्षा तो स्वस्तच. परगावाहून येणाऱ्या वस्तूला हे जमत नाही. तिथे पूर्ण आकडा पहिल्यांदाच द्यावा लागतो. जैन बॉक्स वेगळा असेल तर ही सगळी वजाबाकी त्याच्यासाठी स्वतंत्र करावी, कारण एकूण 475 बरोबर येऊनही जैन बॉक्स 10 कमी पडू शकतात.

या साऱ्याला मागच्या महिन्यांचे आकडे लागतात, आणि तेच बहुतेकांकडे नसतात. सॉफ्टवेअरचा पडदा ग्राहकाची आजची स्थिती दाखवतो. गेल्या 1 तारखेला कितीजण स्किपवर होते, हे नंतर तिथे सापडेलच असं नाही. म्हणून 1, 8 आणि 15 तारखेला पूर्ण यादी उतरवून तारखेच्या नावाने जपून ठेवावी. बॉक्स निघाले की अंदाजाच्या प्रत्येक ओळीसमोर खरा आकडा लिहावा. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नये. 25 ऐवजी 40 जणांनी स्किप केलं आणि 30 ऐवजी 45 नवे आले, तर बेरीज तीच राहते, पण दोन्ही अंदाज चुकलेले असतात.