जालन्याकडच्या लग्नात बुफेची रांग: एका खवय्याचा सल्ला

मंडळी, आपल्याकडं अक्षता पडल्या की अर्धा मांडव नवरदेवाकडं नाही, ताटांच्या चळतीकडं पळतो. म्हणून शेवटच्या मंगलाष्टकालाच उठून कडेला सरकायचं. अक्षता तिथूनही टाकता येतात. (माझ्या चांगल्या लांब जातात.)

टेबलाला बहुतेक दोन बाजू असतात, पण पहिला माणूस जिकडं उभा राहिला तिकडंच सगळं गाव लागतं. पलीकडं डाव ठेवलेले दिसले की बिनधास्त तिकडं जा.

खरी मेख मांडणीत असते. आधी काकडी, कोशिंबीर, पापड, भात. जिलेबी पार टोकाला. तिथं पोचेपर्यंत ताटात बोट ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळं आधी रिकाम्या हातानं एक चक्कर मारून काय कुठं आहे ते बघून घ्यायचं आणि ताटाचा एक कोपरा राखून ठेवायचा. टोपल्यातली चामट पुरी घेऊ नका. आचाऱ्यानं कढईत झारा घातलेला दिसला की दोन मिनिटं थांबा, टम्म फुगलेली मिळते. भात दुसऱ्या फेरीला.

आणि मठ्ठा पहिल्या फेरीत अजिबात नाही. एका हातात ताट, दुसऱ्यात ग्लास, मग जिलेबी काय कोपरानं उचलणार?