क्रियापद कुणाकडे पाहतं?

स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेत इंग्रजीचं एक वाक्य तुकडे पाडून समोर ठेवतात आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे ते विचारतात. त्याच घाटाचं हे एक वाक्य पाहा: ‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स हू हॅव क्लिअर्ड द रिटन टेस्ट’ हा पहिला तुकडा. ‘अँड आर टू बी कॉल्ड फॉर द इंटरव्ह्यू’ हा दुसरा. ‘हॅव बीन पुट अप ऑन द नोटीस बोर्ड’ हा तिसरा. चौथा पर्याय नेहमीचाच, ‘नो एरर’.

मनात वाचलं तर वाक्य कुठेही अडत नाही. ‘हॅव’, मग ‘आर’, मग पुन्हा ‘हॅव’, अशी तीन अनेकवचनी क्रियापदं एका तालात येतात आणि हात चौथ्या पर्यायाकडे जातो. पण चूक तिसऱ्या तुकड्यात आहे. फलकावर लावली ती यादी, उमेदवार नव्हेत. म्हणून तिथे ‘हॅज बीन पुट अप’ हवं. आधीचे ‘हॅव’ आणि ‘आर’ मात्र अगदी बरोबर आहेत, कारण ते उमेदवारांबद्दल बोलतात. प्रश्न काढणाऱ्याची करामत इथेच आहे. त्याने दोन खरी अनेकवचनं पेरून कानाला गुंगी आणली आणि तिसरं खोटं त्यांच्या मागे दडवलं. पदवीधरांच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. एवढ्या घाईत बहुतेक जण कानावरच भिस्त ठेवतात.

मराठी कान इथे फसतो याला आपल्या भाषेची घडणही कारण आहे. ‘आंब्यांच्या पेट्यांची किंमत वाढली’ या वाक्यात ‘आंब्यांच्या’, ‘पेट्यांची’ ही सगळी विशेषणं आधी येऊन जातात आणि मुख्य नाम, म्हणजे किंमत, क्रियापदाला खेटून बसतं. हेच इंग्रजीत उलटं होतं: ‘द प्राइस ऑफ द बॉक्सेस ऑफ मँगोज हॅज गॉन अप’. किंमत सुरुवातीलाच येते, तिच्यामागे पेट्या येतात, पेट्यांमागे आंबे, आणि क्रियापदाजवळ उभे असतात ते आंबे. शेजारच्या नामाशी क्रियापद जुळवायची आपली सवय आंब्यांवर जाऊन आदळते आणि ‘हॅज’च्या जागी ‘हॅव’ खपून जातं.

गंमत म्हणजे यातून सुटायची वाटही मराठीतच आहे. शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग घोकले होते, ते आठवा. ‘मुलीने आंबा खाल्ला’ यात क्रियापद मुलीकडे पाहत नाही, कारण तिला ‘ने’ लागला आहे. ते प्रत्यय नसलेल्या आंब्याकडे पाहतं. ‘शिपायाने चोराला पकडलं’ यात दोघांनाही प्रत्यय लागल्यामुळे क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं, की ते नाम क्रियापदावरचा हक्क गमावतं. इंग्रजीत हे शब्द नामाच्या मागे न लागता पुढे येतात, एवढाच फरक: ‘ऑफ’, ‘इन’, ‘विथ’, ‘अलाँग विथ’, ‘बिसाइड्स’. त्यांच्यामागून येणारं नाम विभक्तीत अडकलेलं समजायचं आणि कर्ता शोधताना ते सोडून द्यायचं.

ही कसोटी ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’, ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ या हमखास विचारल्या जाणाऱ्या सापळ्यांवरही चालते. ‘द प्रिन्सिपल, अलाँग विथ हिज टीचर्स, वेअर प्रेझेंट’ यात शिक्षक बरेच असल्यामुळे ‘वेअर’ बरोबर वाटतं. पण ‘मुलांसह आई आली’ असं म्हणताना ‘आले’ कुणी म्हणत नाही. ‘सह’ने मुलांना क्रियापदापासून दूर ठेवलं, तसंच ‘अलाँग विथ’ शिक्षकांना ठेवतं. म्हणून इथे ‘वॉज’. दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाकून पाहिलं तरी हेच उत्तर मिळतं.

मात्र ‘ऑफ’च्या मागचं सगळं खोडून टाका, हा क्लासमध्ये मिळणारा मंत्र सगळीकडे चालत नाही. ‘टू-थर्ड्स ऑफ द वर्क इज डन’ आणि ‘टू-थर्ड्स ऑफ द बुक्स आर मिसिंग’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. दोन-तृतीयांश हा नुसता वाटा आहे. तो कामाचा की पुस्तकांचा, हे कळल्याशिवाय वचन ठरत नाही. ‘सम’, ‘मोस्ट’, ‘हाफ’ आणि ‘ऑल’ यांचंही तसंच. ‘ए नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे अनेक विद्यार्थी, म्हणून ‘आर’. पण ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, म्हणून ‘इज’. तेव्हा खोडण्यापूर्वी विचारायचं, की हे वाक्य कशाबद्दल काही सांगतंय, संख्येबद्दल की माणसांबद्दल? ‘आयदर-ऑर’ आणि ‘नायदर-नॉर’ मध्ये तर शेजारच्या कर्त्याचंच ऐकायचं असतं. तिथे आपला मराठी कान एकदाचा कामी येतो.

समूहवाचक नामांची तऱ्हा वेगळी. मराठीत जमाव पांगला, संघ जिंकला, समिती आली. आत कितीही माणसं असोत, क्रियापद एकवचनीच. इंग्रजीत मात्र वाक्य समूहाकडे कसं पाहतं, यावर वचन ठरतं. समूहाने एकदिलाने काही केलं तर एकवचन: ‘द ज्युरी हॅज गिव्हन इट्स व्हर्डिक्ट’. त्यातली माणसं वेगळी वेगळी डोळ्यांपुढे असतील तर अनेकवचन: ‘द ज्युरी आर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’. एकच मत द्यायला एक समूह पुरतो, मतभेद व्हायला मात्र माणसं लागतात. भारतातल्या परीक्षांमध्ये हा भेद रुजवण्यात रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाचा वाटा मोठा. (यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही १९२४ची साहसकथा लिहिणारे पी. सी. रेन. व्याकरणकाराने वाळवंटातल्या फौजेवर कादंबरी लिहावी, हे मला अजूनही मजेशीर वाटतं.)

क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांची इथे पंचाईत होते. ‘इंडिया हॅव वन द टॉस’ हे ब्रिटिश वळण कानात बसलेलं असतं, तर अमेरिकेत अशा ठिकाणी ‘हॅज’ म्हणतात. त्यामुळे नुसतं ‘द टीम हॅव’ किंवा ‘द टीम हॅज’ पाहून लगेच चूक ठरवू नये. आधी वाक्यात ‘इट्स’ आहे की ‘देअर’, ते शोधावं. ‘द कमिटी हॅज सबमिटेड / देअर रिपोर्ट / टु द मिनिस्टर’ यात अहवाल समितीने मिळून दिला आहे, म्हणून ‘हॅज’ ठीक आहे आणि चूक दुसऱ्या तुकड्यातल्या ‘देअर’मध्ये आहे. नजर क्रियापदावरच खिळली तर ही चूक दिसतच नाही.

‘पोलीस’ आणि ‘कॅटल’ या दोन नामांना मात्र असा पर्याय नाही, ती कायम अनेकवचनी. ‘कॅटल’ सोपं जातं, कारण आपली गुरंही चरायला जातात, एक ‘गुरं’ कधी जात नाही. ‘पोलीस’ मात्र हमखास दगा देतो. मराठीत दारात एकच ‘पोलीस आला’ असं चालतं, आणि त्या सवयीने ‘द पोलीस हॅज अरेस्टेड द थीफ’ हे वाक्य निर्दोष वाटून जातं. इथे ‘हॅव’ हवं, आणि एकाच शिपायाबद्दल बोलायचं असेल तर ‘पोलीसमन’.