फोटो गुगलवर दिसतात, मग लॅपटॉपवर का येत नाहीत?

समजा, घरच्या गणपतीचे दोनशे फोटो फोनवर काढले. गुगल फोटोजमध्ये ‘बॅकअप पूर्ण’ असं दिसतं. लॅपटॉपवर गुगल ड्राइव्हचं ॲप आहे, खातंही तेच आहे. तरी ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये एकही फोटो नाही. मग लोक वायफाय तपासतात, ॲप काढून पुन्हा टाकतात आणि रात्रभर लॅपटॉप चालू ठेवतात. फोटो येत नाहीत, कारण ते त्या वाटेने येणारच नसतात.

गुगल फोटोज आणि गुगल ड्राइव्ह ही दोन वेगळी कपाटं आहेत. खातं एक आणि फुकट मिळणारी 15 जीबी जागाही सामाईक, म्हणून ती एकच वाटतात. पूर्वी ड्राइव्हमध्ये ‘गुगल फोटोज’ नावाचं फोल्डर असायचं आणि फोनवरचे फोटो त्यातून थेट लॅपटॉपवर उतरायचे. जुलै 2019 मध्ये गुगलने ही जोडणी तोडली. ते फोल्डर अनेकांच्या ड्राइव्हमध्ये अजून आहे, पण त्यात नवा फोटो पडत नाही. जुने फोटो दिसतात आणि नवे दिसत नाहीत, हा गोंधळ तिथूनच येतो. माझ्या मते हा बदल वापरणाऱ्यांपर्यंत नीट पोचलाच नाही.

लॅपटॉपवरचं ॲप फक्त ड्राइव्हमधल्या फाइली आणतं. त्यात गुगल फोटोजचा पर्याय दिसतो, पण तो लॅपटॉपमधले फोटो वर पाठवण्यासाठी आहे, खाली आणण्यासाठी नाही.

खात्री करायची तर फोनवर एक नवा फोटो काढा. बॅकअप झाल्यावर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये photos.google.com उघडा आणि मग drive.google.com. पहिल्या ठिकाणी फोटो आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही, तर काहीही बिघडलेलं नाही. पहिल्या ठिकाणीही नसेल, तर वर कोपऱ्यात कोणतं खातं उघडलंय ते पाहा. घरात दोन-तीन जीमेल असले की हे हमखास होतं.

मोजके फोटो हवे असतील तर photos.google.com वर ते निवडून डाउनलोड करा. सगळा संग्रह हवा असेल तर takeout.google.com वरून मागवा, तो झिप फाइलींमध्ये मिळतो. फोटो नेहमी आपोआप लॅपटॉपवर यायला हवे असतील, तर फोनच्या ड्राइव्ह ॲपमधून ते मुद्दाम ड्राइव्हमध्ये चढवावे लागतात. मात्र तेच फोटो मूळ आकारात गुगल फोटोजमध्येही असतील, तर जागा दोनदा खर्च होते.

एक विनंती आहे. फोटो लॅपटॉपवर उतरवून, उघडून पाहिल्याशिवाय गुगल फोटोजमधून काही काढू नका. तिथे काढलेला फोटो फोनवरूनही जातो, आणि बॅकअप घेतलेला फोटो कचरापेटीत 60 दिवसच राहतो.