आत्महत्येच्या जोखमीची विचारपूस कशी करावी?

आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे रुग्णाला थेट विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. आजवरच्या अभ्यासांतून तसा धोका दिसलेला नाही. उलट बऱ्याच रुग्णांना बोलता आल्यामुळे हलके वाटते. तरीही विद्यार्थी परिचारिकेची जीभ अडखळते आणि तोंडून निघते, “तसलं काही मनात येत नाही ना?” असे विचारले की उत्तर ‘नाही’च येणार, कारण तेच हवे आहे हे रुग्णाला कळते.

प्रश्नांना ठरलेला क्रम असावा, यासाठी कोलंबिया मापनपद्धतीची सहा प्रश्नांची छोटी चाचणी वापरतात. पहिले दोन प्रश्न मागच्या महिन्याबद्दल असतात: मरून जावेसे वाटले का, जीव देण्याचा विचार आला का. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले, तर मार्ग, इरादा आणि ठरवलेला बेत यांविषयी विचारायचे. ‘नाही’ आले, तर थेट सहाव्यावर जायचे: आजवर तसे काही केले, करायला घेतले किंवा तयारी केली का, आणि ते गेल्या तीन महिन्यांतले आहे का.

समजा, पोटदुखीसाठी दाखल झालेला शेतमजूर म्हणतो, “सुटलो तर बरं.” नातेवाइकांना बाहेर थांबवून, शेजारी बसून विचारल्यावर तो पहिल्या दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणतो. घरातल्या फवारणीच्या औषधाचा विचार आला होता, पण “पोरीकडे बघून तसं करणार नाही”, बेतही नाही. इथेच थांबले, तर जोखीम मध्यम ठरते. सहाव्या प्रश्नावर मात्र तो सांगतो की दोन महिन्यांपूर्वी बाटली हातात घेऊन परत ठेवली होती. एवढ्याने जोखीम ‘उच्च’ होते. शेवटचा प्रश्न गाळणे ही म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक.

आता त्याला एकटे सोडायचे नाही. इन्चार्ज सिस्टर आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना लगेच कळवायचे, खाटेजवळच्या धोकादायक वस्तू हलवायच्या आणि त्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवायचे. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन आधी दिलेले असेल तर ते मोडावेच लागते, म्हणून ते देऊच नये. घरी सोडण्यापूर्वी औषधाची बाटली घरातून हलवण्याबद्दल कुटुंबाशी बोलणेही याच कामात येते. उपदेश किंवा पोलिसांची भीती यांना इथे जागा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, वेगळे सिद्ध झाले नाही तर, तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते.

चाचणी भविष्य सांगत नाही. सगळी उत्तरे ‘नाही’ आली, तरी गप्प राहणारा, कुणाची नजर टाळणारा किंवा आपल्या वस्तू वाटून टाकणारा रुग्ण वरिष्ठांना दाखवावा आणि प्रश्न पुन्हा विचारावेत. स्वतःच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात असे विचार असतील, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास चालू असतो.